वीस किलो दाण्यांचा हिशेब

तालुक्याच्या गावात स्वतःचा धंदा काढायचा म्हटले की दोन यंत्रांची नावे हमखास निघतात, पिठाची गिरणी आणि लाकडी घाणा. दोन्हींना रोजचे गिऱ्हाईक आहे, दोन्हींना एखादा गाळा पुरतो आणि दोन्ही यंत्रे चार-पाच लाखांच्या आत बसतात. त्यामुळे पुष्कळांना हे एकाच जातीचे धंदे वाटतात. प्रत्यक्षात ते तसे नाहीत.

गिरणीवाला मजुरीवर जगतो. गहू-ज्वारी गिऱ्हाइकाची, डबा गिऱ्हाइकाचा. गिरणीवाल्याने वीज जाळायची, दगडाला वेळेवर टाकी लावायची आणि किलोमागे दळणाचे पैसे घ्यायचे. गव्हाचा भाव वाढला काय किंवा पडला काय, त्याच्या गल्ल्यात फरक पडत नाही. घाणेवाल्याचे उलटे असते. काही गिऱ्हाइके स्वतःचे तीळ किंवा करडई गाळून घ्यायला येतात, पण ते हंगामापुरते. एरवी दाणा त्याने स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचा, गाळायचा, तेल विकायचे आणि उरलेली पेंडही विकायची. म्हणजे तो कारागीर आहेच, शिवाय शेंगदाण्याचा व्यापारीही आहे. घाणा टाकणारे बहुतेक जण पहिल्या कामाची तयारी करतात आणि दुसऱ्या कामात अडकतात.

हे कसे होते ते समजून घ्यायचे तर एक घाणा, म्हणजे एका वेळी उखळात पडणारा माल, आधी गाळून पाहावा लागतो आणि मग त्याचा हिशेब मांडावा लागतो.

आज छोट्या गावांत दिसणारा विजेचा घाणा साधारण तीन अश्वशक्तीच्या मोटरवर चालतो आणि एका वेळी पंधरा ते वीस किलो दाणे घेतो. बाभूळ, चिंच, शिरीष असल्या चिवट लाकडाची लाट आणि लाकडाचे, दगडाचे किंवा लोखंडाचे उखळ अशी त्याची रचना असते. जुन्या घाण्यात बैल लाट फिरवायचा. आता मोटर आणि गिअरबॉक्स ते काम करतात, पण वेग मुद्दाम कमी ठेवलेला असतो. मिनिटाला जेमतेम दहा-पंधरा फेरे. वेग कमी असल्याने घासून निघणारी उष्णता कमी राहते आणि तेल कोमटच बाहेर येते. त्याउलट एक्सपेलरमध्ये लोखंडी मळसूत्र बियांना एवढ्या जोराने दाबते की तेल हाताला चटका देईल इतके तापते.

दाणे ओतल्यावर पहिली दहा मिनिटे नुसता भरडा होतो. मग घाणेवाला ओंजळीने पाणी शिंपडतो. वीस किलोला पाव ते अर्धा लिटर, तेही एकदम नाही, दोन-तीन वेळा थोडे थोडे. नवख्या माणसाला इथे आश्चर्य वाटते, कारण तेल काढायचे आणि पाणी घालायचे हे उलटे दिसते. पण हे पाणी भरड्याला धरते आणि त्यातले तेल सुटे करते. भरडा लाटेभोवती घट्ट होऊ लागतो, लाटेचा करकर आवाज जड होतो आणि उखळाच्या कडेने तेल डोकावते. पाऊण तासात पेंड उखळाच्या भिंतीला चिकटून कडे धरते आणि मधल्या खळग्यात तेल साचते. तेल तोटीवाटे भांड्यात उतरले की पेंड सळईने खरवडून काढायची आणि पुढचा घाणा घालायचा.

पाण्याचे हे माप कुठल्या पुस्तकातून येत नाही. दाणा जुना आणि कोरडा असेल तर जास्त लागते, नवा असेल तर कमी. कमी पडले तर पेंड भुसभुशीत राहते आणि तेल तिच्यातच अडकते. जास्त झाले तर भरड्याचा चिखल होतो, तेल गढूळ उतरते आणि कढईत टाकल्यावर तडतडते. थंडीच्या दिवसांत सकाळचा पहिला घाणा नेहमी कमी तेल देतो, कारण उखळ आणि लाट गार असतात. कामात मुरलेला माणूस पेंडीचा तुकडा बोटांत दाबून पाहतो. बोटे नुसती ओशट झाली तर ठीक, तेल चमकायला लागले तर त्या घाण्यात पैसे राहून गेले.

आता हिशेब. शेंगदाण्यात वजनाच्या ४५ ते ५० टक्के तेल असते. चांगला चाललेला घाणा दाण्याच्या वजनाच्या सुमारे ४० टक्के तेल बाहेर काढतो, बाकीचे पेंडीबरोबर जाते. दाण्याचा भाव १२० रुपये किलो धरू. २०२५-२६च्या हंगामासाठी भुईमुगाच्या शेंगेचा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये आहे. शंभर किलो शेंगांतून साधारण ६८ किलो दाणे निघतात असे धरले तर शेंग हमीभावाने घेऊनही दाणा १०७ रुपयांना पडतो. त्यावर फोडणी, निवड, वाहतूक आणि व्यापाऱ्याची कमाई धरली की १२० हा आकडा अवास्तव वाटत नाही.

वीस किलो दाणे म्हणजे २,४०० रुपये. त्यातून आठ किलो तेल निघाले. ते निवळल्यावर तळाशी पाव किलो गाळ राहिला. उरलेले पावणेआठ किलो तेल लिटरमध्ये मोजायचे तर साडेआठ लिटर भरते, कारण तेल पाण्यापेक्षा हलके असते आणि एका लिटरचे वजन सुमारे ९१० ग्रॅमच होते. पेंड साडेअकरा किलो निघाली. ती ४२ रुपयांनी गेली तर ४८३ रुपये परत आले. म्हणजे साडेआठ लिटर तेलाला १,९१७ रुपयांचा दाणा लागला, लिटरला २२५ रुपये. बाटली, झाकण आणि लेबल यांचे १५ रुपये आणि विजेचे दोन रुपये धरले की २४२ झाले. गावात हे तेल ३०० रुपये लिटरने विकले गेले तर हातात ५८ रुपये उरतात.

या ५८ रुपयांतून महिन्याचे ठरलेले खर्च भागवायचे आहेत. मदतीला एक माणूस, पगार १२,००० रुपये. गाळ्याचे भाडे ६,०००. घाणा, दाणे साफ करायची चाळण, स्टीलच्या टाक्या, गाळणी, वजनकाटा आणि वीजजोडणी मिळून साडेचार लाखांचा खर्च, त्यातले चार लाख ११ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढलेले कर्ज, म्हणजे हप्ता ८,७००. दुरुस्ती, परवाना, तेलाची तपासणी आणि सांडलवंड यांना ३,०००. एकूण २९,७००. त्याला ५८ने भागले तर ५१२ लिटर येतात. महिन्याला एवढे तेल विकले तर मालकाला काहीही न उरता धंदा फक्त उभा राहतो. दिवसाला तीन घाणे घातले आणि महिन्याचे पंचवीस दिवस काम केले तर सगळे भागून सात हजारांच्या आसपास उरतात. पाच घाणे घातले तर तीच रक्कम ३२ हजारांच्या जवळ जाते.

पाच घाणे घालणे अवघड नाही. यंत्र दिवसाला सात-आठ घाणे काढू शकते. प्रश्न आहे रोज ४२ लिटर तेल घ्यायचे कुणी. २५ हजार वस्तीच्या गावात साडेपाच हजार घरे धरली आणि एक घर महिन्याला तीन लिटर घाण्याचे तेल घेते असे मानले तर धंदा उभा राहायला १७० घरे हवीत आणि बरा चालायला साडेतीनशे. ही घरे डब्यातले रिफाइंड तेल सोडून जास्त पैसे मोजणारी असली पाहिजेत. शिक्षक, डॉक्टर, दुकानदार, बागायतदार अशी घरे गावात मिळतात, पण गिरणीसारखी ती आपोआप दारात येत नाहीत. दळण दर आठवड्याला लागते, तेल महिन्यातून एकदा, बहुधा पगाराच्या पहिल्या आठवड्यात. एकाच गावात तिसरा घाणा निघाला की हीच साडेतीनशे घरे तिघांत वाटली जातात.

इथवरचा हिशेब सगळे सुरळीत चालले तर. आता तो दोन बाजूंनी ढकलून पाहू.

समजा दाणा थोडा ओलसर आला किंवा लाट झिजली आणि उतारा ४० टक्क्यांवरून ३६वर आला. साडेआठऐवजी साडेसात लिटरच्या वर थोडेसे तेल मिळाले. पेंड जरा जास्त निघाली तरी लिटरमागे दाण्याचा खर्च २२५वरून २४६वर जातो आणि ५८ रुपयांचे ३७ होतात. समजा उतारा ठीक राहिला, पण दाणा १२०चा १३० झाला. तरी ५८चे ३४च होतात. आणि दोन्ही एकाच महिन्यात झाले तर लिटरमागे १० रुपये उरतात. तेवढ्यात बँकेचा हप्ताही निघत नाही. तेलाचा भाव मात्र लगेच वाढवता येत नाही, कारण गिऱ्हाइकाच्या डोक्यात तीनशेचा आकडा बसलेला असतो आणि किराणा दुकानातले रिफाइंड तेल त्याच्यासमोर असते.

म्हणून मुरलेले घाणेवाले दाण्याची खरेदी हंगामात करतात. खरिपाचा भुईमूग दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतो आणि उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये. त्या वेळी भाव सहसा नरम असतो, पुढे चढत जातो. तीन घाण्यांच्या हिशेबाने महिन्याला पंधराशे किलो दाणे लागतात. तीन महिन्यांचा साठा करायचा तर साडेचार हजार किलो, म्हणजे ५ लाख ४० हजार रुपये. सगळ्या यंत्रसामग्रीपेक्षाही ही रक्कम मोठी आहे, आणि प्रकल्प अहवालात ती बहुधा ‘खेळते भांडवल’ या एका ओळीत उरकलेली असते.

सरकारी मदतही यंत्राकडेच झुकलेली आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री योजनेत (पीएमएफएमई) पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान आहे. ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले असते आणि अर्जदाराने निदान १० टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते. पण अनुदानाचा आधार यंत्रे आणि बांधकाम यांना असतो, पोत्यांतल्या दाण्यांना नाही. अनुदान मिळते म्हणून मोठा घाणा, स्वयंचलित बाटली भरणारे यंत्र, मोठी फिल्टर प्रेस असे सगळे घेतले जाते आणि दाणा घ्यायची वेळ आली की हातात पैसे नसतात. मग आठवड्याला दोन पोती उधारीवर, व्यापारी सांगेल त्या भावाने आणि देईल त्या प्रतीची घ्यावी लागतात. उतारा आणि भाव दोन्ही तिथेच बिघडतात.

दाण्याच्या प्रतीचा प्रश्न पैशापुरता नाही. ओलसर राहिलेल्या शेंगदाण्यावर अस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. रिफायनरीत तेलावर क्षाराची प्रक्रिया होते तेव्हा हे विष बहुतांशी निघून जाते. घाण्याच्या तेलावर तशी कोणतीच प्रक्रिया नसते, त्यामुळे विषाचा थोडा अंश तेलात उतरू शकतो. त्याचा मोठा भाग पेंडीत राहतो, तिथून जनावराच्या पोटात आणि पुढे दुधात जातो. शिंपडलेले पाणी किंवा कापडाची गाळणी यावर काही करू शकत नाही. उपाय एकच, दाणा आत घेतानाच पारखणे. चांगला वाळलेला दाणा दाताखाली कटकन तुटतो आणि तळहातावर चोळला की त्याचे साल सुटते. सुरकुतलेला, काळपट, आतून पिवळसर-हिरवट किंवा कुबट वासाचा दाणा बाजूला काढायचा. स्वस्त मिळतो म्हणून फुटका आणि खराब दाणा ‘गाळपाला चालेल’ असे सांगून विकला जातो. घाण्याच्या तेलासाठी तो मुळीच चालत नाही. साठवणीत ओलावा सात-आठ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही आणि पावसाळ्यात पोती भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवायची नाहीत, खाली लाकडी फळ्या घालायच्या.

पेंडीचेही असेच आहे. हिशेबात तिने घाण्यामागे ४८३ रुपये दिले, म्हणजे दाण्याच्या किमतीचा पाचवा हिस्सा. ती पडून राहिली तर तेवढी रक्कम अडकते. घाण्याच्या पेंडीत दहा टक्क्यांच्या आसपास तेल उरलेले असल्याने दूध उत्पादक ती आवडीने घेतात, पण त्याच कारणाने ती लवकर खवट होते, आणि तिला पाण्याचा अंश असल्याने पावसाळ्यात बुरशीही धरते. नेमकी त्याच दिवसांत हिरवी वैरण मुबलक असते आणि पेंडीची मागणी घटते. गावाजवळच्या पाच-सहा गोठ्यांशी आधीच बोलून ठेवणे आणि पेंड पसरून, सुकवून आठवडाभरात हलवणे याला पर्याय नाही.

पेंडीत उरणाऱ्या या तेलानेच जुना घाणा बंद पाडला. एक्सपेलर पेंडीत सहा-सात टक्केच तेल ठेवतो आणि रसायनाने तेल ओढणारा कारखाना एक टक्क्याहूनही कमी. त्या स्पर्धेत घाणा टिकणे अवघडच होते. १९३४मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत यावर काम केले. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेला घाणा ‘वर्धा घाणी’ म्हणून ओळखला गेला. तरीही कारखान्याचा उतारा गाठता आला नाही. आज घाणा परत आला आहे तो उताऱ्यामुळे नाही, तर वास, चव आणि समोर गाळलेले तेल यासाठी दीडपट भाव देणारे गिऱ्हाईक तयार झाल्यामुळे. तो भाव टिकवायचा तर तेल खरोखर तसे असावे लागते.

‘कोल्ड प्रेस्ड’ या नावालाही अन्नसुरक्षा कायद्यात अर्थ आहे. उष्णता न देता, केवळ यांत्रिक दाबाने काढलेले आणि फक्त पाण्याने धुऊन, निवळून, गाळून किंवा घुसळणीने स्वच्छ केलेले तेल म्हणजे कोल्ड प्रेस्ड. टेबलावर मावणारी काही छोटी यंत्रे याच नावाने विकली जातात, पण त्यांत बी तापवणारा हीटर असतो. तो लावून काढलेले तेल खायला चालेल, पण त्यावर हे लेबल चालणार नाही. एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतोच. खाद्यतेल सुटे विकायला नियमांनी मनाई आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या किटलीत तेल ओतून देण्याची जुनी पद्धत बाद आहे, ते सीलबंदच द्यावे लागते. बाटलीवर लिटरबरोबर वजनही छापायचे असते.

गिऱ्हाइकांच्या तक्रारी मात्र बहुतेक वेळा तेलाच्या गुणांबद्दलच असतात. न शुद्ध केलेल्या तेलात फॉस्फोलिपिड नावाचे चिकट घटक राहतात, म्हणून ते तळताना फेसाळते. थंडीत शेंगदाणा तेल दाट आणि धुरकट होते, बाटलीच्या तळाशी थोडी साय बसते. यातले काहीच भेसळीचे लक्षण नाही, पण पहिल्यांदा घेणारा घाबरतो आणि रिफाइंडकडे परततो. त्याला हे बाटली देतानाच सांगितलेले बरे. तीन-चार दिवस टाकीत निवळून, वरचे तेल काढून घेऊन जाड कापडातून गाळले तर फेस आणि साय दोन्ही बरेच कमी होतात. तेल घाईघाईने गाळल्याच्या दिवशीच भरले तर तक्रारी वाढतात. ही बाटली तीन-चार महिन्यांत संपवायची आणि उन्हापासून दूर ठेवायची, हेही लेबलवर असावे.

शेंगदाण्यावर जम बसला की बाकीच्या बिया येतात. तीळ हिवाळ्यात चांगला खपतो आणि खोबरेल छोट्या बाटल्यांत जास्त भाव देते. सोलापूर-मराठवाड्यात करडईचे आणि विदर्भात जवसाचे जुने गिऱ्हाईक अजून आहे. मात्र करडईचा उतारा शेंगदाण्यापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. बी बदलताना उखळ खरवडून साफ करावे लागते आणि पहिल्या घाण्यात जुन्या तेलाचा वास उतरतो, म्हणून दिवसातून दोनदा बी बदलण्यापेक्षा आठवड्याचे वार ठरवलेले परवडतात.

घाणा घ्यायचा विचार पक्का झाला असेल तर यंत्र विकणाऱ्याच्या दुकानात जाण्याआधी एक काम करावे. ज्या बाजारातून पुढे नेहमी दाणा घ्यायचा आहे तिथून वीस किलो दाणे विकत घ्यावेत, शेजारच्या गावातल्या चालू घाण्यावर मजुरीने गाळून घ्यावेत आणि तेल, गाळ, पेंड तिन्ही स्वतःच्या काट्यावर तोलावे. निवळलेले तेल ओळखीच्या आठ घरांत पूर्ण किमतीला विकावे, फुकट वाटू नये. महिन्याने त्यातली किती घरे पुन्हा मागतात ते पाहावे. दाण्याचा भाव, मिळालेला उतारा आणि परत आलेली घरे हे तीन आकडे हाती आल्यावर किती मोठा घाणा घ्यायचा, किंवा गिरणीच टाकायची, हे ठरवता येते.